सहकाऱ्याचं नवीन नाव: बोलण्यात आणि रेकॉर्डमध्ये

प्रश्न: टीममधल्या एकाने जेंडर ट्रान्झिशननंतर नवीन नाव घेतलंय. आम्ही काय पाळायचं आणि रेकॉर्डमध्ये बदल कुठून सुरू करायचा?

उत्तर: आधी त्या व्यक्तीलाच विचारा: नवीन नाव कुठे वापरायचं, कधीपासून, आणि 'आला' म्हणायचं की 'आली'? घरी अजून सांगितलेलं नसेल, तर घरी जाणाऱ्या पत्रावरचं नाव तिच्या संमतीशिवाय बदलू नका. तोंडातून जुनं नाव निघालंच, तर लगेच सुधारा आणि पुढे बोला. लांबलचक माफीने तिलाच अवघडायला होतं.

मेल, चॅट, ऑफिसचं ओळखपत्र इथलं दिसणारं नाव बदलायला सहसा कायदेशीर कागद लागत नाही. पगार, कर, बँक यांची नोंद मात्र सरकारी ओळखपत्राशी जुळावी लागते, म्हणून ती नंतर.

आमच्याकडे मेलवरचं नाव सोमवारी बदललं, मंगळवारी सकाळी जुनं परत हजर! मेल सिस्टिम रोज रात्री एचआरच्या नोंदीतून नाव उचलायची. तिथे 'वापरातलं नाव' असा वेगळा रकाना भरला, तेव्हा कुठे ते टिकलं. जुना मेल पत्ता फक्त येणाऱ्या मेलसाठी चालू ठेवा. शेवटी बाहेरच्या पत्त्यावर एक मेल आणि एक मीटिंगचं आमंत्रण पाठवून बघा. जुनं नाव कधीकधी आमंत्रणातच लपलेलं सापडतं.