लोणच्याचं नाव अध्यक्षाच्या पोरानं स्वतःच्या नावावर टाकलंय, आता?

प्रश्न: वकील साहेब, आमचा 11 जणींचा गट आहे, अंबाजोगाई तालुक्यात. 4 वर्षं झाली, कैरीचं लोणचं एकाच नावानं विकतोय. आता कळलं की अध्यक्षाच्या मुलानं ते नाव ट्रेडमार्कसाठी स्वतःच्या नावानं टाकलंय. नाव त्याचं झालं का?

उत्तर: ताई, नुसता अर्ज टाकला म्हणून नाव त्याचं होत नाही. ट्रेडमार्कच्या साइटवर आधी अर्जाचं स्टेटस बघा. सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं असेल तर त्या तारखेपासून 4 महिन्यांत फॉर्म TM-O भरून हरकत घ्यायची, ऑनलाइन फी 2700 रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही, त्यामुळं "पोरगं घरचंच आहे, बोलून बघू" म्हणत महिने घालवू नका, बोला पण कॅलेंडर समोर ठेवून. पुरावा म्हणजे गटाची ठराव वही, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, जुनी लेबलं, छपाईवाल्याचं बिल, बँकेचं पासबुक. त्याच्या वापराच्या आधीची तारीख यातून दिसली पाहिजे.

ऐकलं तर त्याला अर्ज मागं घ्यायला लावा आणि तुम्ही सामूहिक चिन्हासाठी नवा अर्ज करा. तुम्ही जणी आपापल्या घरी लोणचं घालता ना, मग हाच प्रकार तुमच्यासाठी आहे, यात मालक संस्था असते आणि वापर सभासद करतात. भागीदारी फर्मला मात्र हे मिळत नाही, आणि नुसत्या बचत गटाला कायद्यात स्वतंत्र अस्तित्व नाही, म्हणून मी तरी उत्पादक कंपनी काढा म्हणीन, त्याला 10 जणी लागतात, तुम्ही 11 आहात.

या अर्जाबरोबर वापराचे नियम जोडावेच लागतात, अन् भांडणं मिटतात ती तिथंच. "चांगलं लोणचं" असं लिहून काही उपयोग नाही, मोजता येईल असं लिहा. तेलातल्या लोणच्यावर तेलाचा थर किमान अर्धा सेंमी, किंवा तेल किमान 10 टक्के, हा अन्न सुरक्षेचाच नियम आहे. समजा एकीनं तेल वाचवायला थर कमी ठेवला अन् वरच्या फोडींना बुरशी आली, तर बरणी परत येते ती सगळ्यांच्या नावावर, म्हणून बरणीवर बॅच नंबर अन् कुणी घातलं त्याचा कोड पाहिजेच. नियमांत लिहा: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा लेबल बंद. आणि अन्न नोंदणी ज्या त्या जागेची असते, एकीच्या नोंदणीवर अकरा घरं चालत नाहीत.

लेबलवरची गोष्ट खरी तेवढीच लिहा. "शंभर वर्षांची आजीची रेसिपी" लिहून ती सिद्ध करता आली नाही तर दिशाभूल म्हणून 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'मराठवाडा केसर' हे नावही असंच लावू नका, त्या आंब्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तुमची कैरी तर गावरान. तेच लिहा की, कुठल्या गावच्या झाडाची आणि कुणी फोडली ते.