एकाच पुरवठादाराकडून खरेदी: टिपणीत नेमकं काय लिहायचं

प्रश्न: "नागपुरातल्या केंद्रीय संशोधन संस्थेत स्टोअर्सला आहे. प्रयोगशाळेतल्या आयन क्रोमॅटोग्राफला त्याच कंपनीचा ऑटोसॅम्पलर हवाय. विक्रेत्याने 'आम्हीच एकमेव उत्पादक' असं पत्र दिलंय, तरी लेखा शाखेने नस्ती परत केली. दरपत्रकं का मागवली नाहीत, हे कसं लिहू?"

लेखा शाखेचं बरोबर आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १६६ प्रमाणे प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट खात्याने द्यायचं असतं. विक्रेत्याचं पत्र फार तर सोबत जोडा.

या नियमात तीन वाटा आहेत: उत्पादक एकच असणं, तातडी, आणि आधीच्या यंत्राशी जुळणी. विक्रेत्याने तुम्हाला पहिल्या वाटेवर नेलंय. पण ऑटोसॅम्पलर इतर कंपन्याही बनवतात. ऑडिटवाल्याने एक कॅटलॉग उघडला की संपलं. तुमची वाट तिसरी, आणि तिला सक्षम तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला लागतो. म्हणजे कारण शास्त्रज्ञाने लिहायचं, स्टोअर्सने नाही.

त्या सल्ल्यात "दुसऱ्या कंपनीचा चालणारच नाही" असं येऊ देऊ नका, कारण ते बहुधा खोटं असतं. साध्या रिले सिग्नलवर परका ऑटोसॅम्पलरही नमुना सोडून यंत्र सुरू करू शकतो. मग अडतं कुठे? नमुन्यांची यादी दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये भरावी लागते, आणि कोणता आलेख कोणत्या नमुन्याचा हे हाताने जुळवावं लागतं. प्रयोगशाळेला एनएबीएल मान्यता असेल तर नोंदींचा माग तिथेच कच्चा राहतो. मी असं लिहीन:

"विद्यमान आयन क्रोमॅटोग्राफ अमुक सॉफ्टवेअरवर चालतो. अन्य उत्पादकाचा ऑटोसॅम्पलर जोडता येतो; परंतु नमुना क्रमांक व निष्कर्ष एकाच नोंदीत राहत नाहीत. भूजलातील फ्लोराइडचे नमुने मोठ्या संख्येने तपासताना ही जुळणी हाताने करणे स्वीकारार्ह नाही. सबब नियम १६६ मधील तिसऱ्या तरतुदीनुसार एकल निविदा प्रस्तावित आहे."

पर्याय पाहिले आणि का सोडले, हे यात दिसतं. नुसतं "उच्च दर्जा, उत्तम सेवा" लिहिलेली टिपणी परत येणारच.

आता दर. स्पर्धा नाही म्हटल्यावर तो वाजवी आहे हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. त्याच मॉडेलचे इतर सरकारी संस्थांनी दिलेले अलीकडचे खरेदी आदेश विक्रेत्याकडून मागवा आणि तुलना नस्तीत लावा. आदेशांत वॉरंटी किंवा सुटे भाग वेगळे असतील तर तोही फरक लिहा, नाहीतर स्वस्त आदेश दाखवून तुम्हालाच विचारतील. दर चढा वाटला तर वाटाघाटीचं इतिवृत्त ठेवा.

तारखाही बघा. विक्रेत्याचं दरपत्रक इंडेंटच्या आधीचं असेल, तर विनिर्देश त्याच्या ब्रोशरवरूनच उतरवल्याचा संशय येतो, आणि बरेचदा तो खरा असतो! जेमबाहेर खरेदी करत असाल तर पोर्टलवरचा GeMAR&PTS अहवालही जोडा. वित्त शाखेची सहमती आणि सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी यांचे संदर्भ प्रमाणपत्राच्या नमुन्यातच भरायचे असतात, म्हणून दोन्ही आदेशाआधी हवेत.

राज्य शासनाच्या कार्यालयातल्या कोणी हे वाचून उचलू नये. तिथे उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका लागते.