उंच आईवडिलांचा मुलगा ‘फक्त’ १७७ सेंटिमीटर का?

“आमच्या घरात सगळे उंच. मी १८८ सेंटिमीटर, बायको १७३. मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे आणि १७७ वर अडकलाय. आमचं खाण्यापिण्यात काही चुकलं का? इंजेक्शनं देऊन अजून वाढेल का?”

मुलांच्या वाढीच्या दवाखान्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनिशी सतत समोर येतो. या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. दोघांनी येताना फाईल आणली होती आणि आईने वहीत एक हिशेबही करून आणला होता: वडिलांची उंची अधिक आईची उंची अधिक १३, भागिले दोन. उत्तर १८७. म्हणजे मुलगा दहा सेंटिमीटरनी ‘कमी पडला’. त्या दहा सेंटिमीटरपायी घरात दोन वर्षं दुधात पावडर घालणं चाललं होतं, दाराच्या चौकटीत लोंबकळायला बार बसवला होता, आणि मोबाईलवरून मुलाला रोज बोलणी बसत होती.

हे सूत्र डॉक्टरही वापरतात आणि साधारण उंचीच्या जोडप्यांना ते बरं लागू पडतं. पण आईवडील दोघंही सरासरीपासून फार लांब असले, तर ते फसवतं. आईवडिलांचा सगळा उंचपणा मुलात जसाच्या तसा उतरणार, असं त्यात गृहीतच धरलेलं आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही, हे इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये दाखवलं. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं अशी मापं त्याच्याकडे होती. बायकांची उंची १.०८ने गुणून त्याने ती पुरुषांच्या मापात आणली आणि आईवडिलांची सरासरी काढली. आईवडील सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच त्यांची मुलं सरासरीने उंच निघाली. बुटक्या जोडप्यांची मुलंही त्याच प्रमाणात वर सरकलेली होती.

मग आम्ही तिघांनी मिळून हिशेब पुन्हा मांडला. पुरुषांची सरासरी १७० आणि बायकांची १५७ धरली. वडील १८ने जास्त, आई १६ने जास्त, दोघांचं मिळून सरासरी १७. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ११ च्या आसपास. म्हणजे अशा जोडप्यांच्या मुलग्यांची सरासरी १८१ च्या जवळपास येईल. ती झाली सरासरी. एकेक मुलगा तिच्या पाच-सात सेंटिमीटर वर किंवा खाली सहज असू शकतो. सख्ख्या भावांतही एवढा फरक दिसतो. १७७ त्यात आरामात बसतो.

“पण राहिलेला एक तृतीयांश जातो कुठे?” वडिलांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. १८८ सेंटिमीटरच्या माणसात उंचीची जनुकं तर असतातच, पण इतका उंच होण्यासाठी बहुधा इतर गोष्टीही त्याच्या बाजूने पडलेल्या असतात: लहानपणचं पोषण, मोठ्या आजारांतून सुटका, जनुकांच्या जोड्यांचा एखादा अनुकूल मेळ. पहिल्या आलेल्या मुलाने अभ्यास केलेला असतोच, शिवाय त्या दिवशी पेपरही त्याला सोयीचा आलेला असतो, तसंच हे. जनुकं मुलाकडे जातात, तो योगायोग जात नाही. मुलाचा योगायोग नव्याने ठरतो, आणि तो सरासरीने ना चांगला ना वाईट. यात कोणी मुलाला खाली ओढत नाही. उलटं पाहा: खूप उंच मुलं निवडून त्यांच्या आईवडिलांची मापं घेतली, तर तेही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ निघतात. म्हणूनच पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी सगळे एकाच उंचीचे होत नाहीत.

हा हिशेब दाखवून मी त्यांना घरी पाठवलं नाही, कारण त्याच्या आड खरा आजार लपू शकतो. फाईलमधली शाळेची जुनी मापं आम्ही वाढीच्या तक्त्यावर मांडली. पौगंडावस्थेआधी तो दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर वाढत होता, नंतर झेपही वेळेवर आली होती, आणि रेषा कुठेही खाली वळलेली नव्हती. ही वाढ वर्षाला चारपेक्षा कमी झाली असती, किंवा मूल तक्त्यावरच्या रेषा ओलांडत खाली घसरत असतं, तर आईवडील कितीही उंच वा बुटके असोत, थायरॉईड, सिलिॲक आजार, वाढीचं संप्रेरक यांच्या तपासण्या लागल्या असत्या. त्याच्या डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांची टोकं जवळजवळ जुळलेली दिसली. डॉक्टरांच्या मते एखाद-दोन सेंटिमीटर वाढ उरली होती. टोकं जुळली की इंजेक्शनाने उंची वाढत नाही.

आईने मग अकरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारलं. तोच हिशेब: १५७ अधिक ११, म्हणजे १६८ च्या आसपास. वहीतल्या सूत्राने, मुलीसाठी १३ मिळवण्याऐवजी वजा करून, १७४ येत होते. आईने ते खोडून ‘१६१ ते १७५’ असं लिहिलं, आणि दर सहा महिन्यांनी, एकाच भिंतीपाशी, अनवाणी माप घ्यायचं ठरवलं.