ऐंशी हजार विटांतून निघत नाहीत

"भुसावळजवळ साडेसहाशे चौरस फुटांचं घर बांधतोय, फक्त तळमजला. कर्ज १६ लाख, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता १४,४०० रुपये. लाल वीट जागेवर पोच ८ रुपये, फ्लाय ॲशची ६. ठेकेदार म्हणतो, फ्लाय ॲशचे ब्लॉक घ्या, ८० हजार वाचतील, घरही थंड राहील. कर्जासोबत बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड पॉलिसी दिली. वर्षाला ६० हजार, १० वर्षं भरायचे, बाराव्या वर्षी ९ लाख मिळतील, त्यात कर्ज फिटेल. पहिला हप्ता जोत्याच्या पैशातून भरला, विटांत वाचेल त्यातून तो भरून काढीन. पॉलिसी मागच्या आठवड्यात हातात आली. तर कुठली वीट घेऊ? वय ३४, बायको आणि एक मुलगी."

भाऊ, वीट आठवडाभर थांबली तरी चालेल, पॉलिसी थांबणार नाही. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला लेखी द्या, पोच घ्या. बँकेतल्या मॅडमना विचारत बसू नका. त्या "पुढच्या सोमवारी बघू" म्हणतील आणि असे चार सोमवार गेले की मुदत संपेल. कर्जासाठी पॉलिसी सक्तीची आहे असं कोणी सांगितलं असेल, तर तेही लिहून मागा. ते कोणी लिहून देत नाही.

आता हिशेब. दर वर्षी ६० हजार, दहा वर्षं, बाराव्या वर्षी ९ लाख, म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत. कर्ज नऊ टक्क्यांचं. नऊने घेतलेला पैसा साडेपाचने ठेवायचा आणि त्याला बचत म्हणायचं! शिवाय त्या दिवशी तुमचं कर्ज किती बाकी असेल, हे मॅडमनी दाखवलं का? बारा वर्षं हप्ते भरूनही साधारण ९ लाख ८० हजार. म्हणजे पॉलिसी पूर्ण चालवूनही कर्ज फिटत नाही, वर ८० हजार घालावे लागतात. (हा ८० हजारांचा आकडा तुमच्या मागेच लागलाय.)

तेच ६० हजार दर वर्षी कर्जात जादा भरले, तर कर्ज अकराव्या वर्षाच्या आसपास संपतं आणि नऊ लाखांच्या वर व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. तुमचं कर्ज त्या प्रकारचं आहे ना, एवढं मंजुरीपत्रात बघा. एखाद्या वर्षी ६० जमले नाहीत, ४० भरले, तरी काही बिघडत नाही. पॉलिसीचा हप्ता चुकला तर बिघडतं.

विम्याचं काय? अशा पॉलिसीत विमा साधारण वार्षिक हप्त्याच्या दसपट, म्हणजे सहा लाखांचा असतो. कर्ज १६ लाखांचं. उद्या तुमचं काही झालं तर बायकोच्या हातात अर्धं बांधलेलं घर आणि दहा लाखांचा बोजा. २५ लाखांचा साधा टर्म विमा, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पाच-सहा हजारांत येतो. तो आधी घ्या, तो सुरू झाला की मग पॉलिसी परत करा. तंबाखू असेल तर अर्जात लपवू नका.

आता विटा. ठेकेदाराचा आकडा मी उलटा करून बघितला. बाहेरच्या भिंती सुमारे १०० फूट लांब, १० फूट उंच. दारं-खिडक्या वजा जाता साडेआठशे चौरस फूट. नऊ इंची भिंतीला चौरस फुटाला दहा विटा, म्हणजे साडेआठ हजार. आतल्या साडेचार इंची भिंतींना आणखी तीन हजार. तुटफूट धरून १२ हजार. लाल विटांचं अख्खं बिल होतं ९६ हजार. त्यातून ८० हजार वाचवायचे, तर फ्लाय ॲशची वीट सव्वा रुपयाला मिळायला हवी. खरी बचत विटेमागे दोन रुपयांनी २४ हजार. वीट एकसारखी असते, म्हणून गिलावा पातळ बसतो, त्यात फार तर दहा-बारा हजार. पस्तीस हजार धरा. जोत्यातून गेलेला हप्ता यातून भरून निघत नाही.

मग ८० हजार आले कुठून? माझा अंदाज, तो बाहेरची भिंत नऊ इंचांऐवजी चार इंचांची करणार आहे. तेव्हा विटा साडेसात हजारांवर येतात, वाळू-सिमेंट आणि गवंडीकामही घटतं आणि आकडा ८० च्या जवळ जातो. "ब्लॉक" या शब्दाआड नेमकं हेच लपतं. दुपारचं पश्चिमेचं ऊन नऊ इंची भिंत सहा-सात तास अडवून धरते. चार इंची भिंतीतून ते संध्याकाळी, तुम्ही जेवायला बसता तेव्हाच आत येतं. शिवाय पिलर नसतील तर चार इंचांवर स्लॅब टाकताच येत नाही. कोटेशनवर भिंतीची जाडी आणि विटेचं माप लिहून घ्या.

"थंड राहील" हा दुसरा गोंधळ. फ्लाय ॲशची घट्ट वीट आणि लाल वीट, दोन्हीतून उष्णता जवळपास सारखीच येते. थंडाव्याची जाहिरात एएसी ब्लॉकची असते. त्यातही बहुधा राखच असते, पण तो हलका, फुगवलेला असतो. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर एएसी, बुडाला तर साधी फ्लाय ॲश. तुम्हाला सहा रुपयांना मिळतेय ती बुडणारी आहे.

तीच घ्या. दीपनगरचं वीजकेंद्र शेजारी, राख तिथलीच, माल जवळून येतो. फक्त कच्ची घेऊ नका. सिमेंटवर जमलेल्या विटेला दोन-तीन आठवडे पाणी लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात काही कारखाने आठवड्यातच गाडी भरतात. अशी वीट भिंतीत बसल्यावर आकसते आणि गिलाव्याला चिरा पडतात. पाच-सहा विटा उचलून बघा. कोपरा अंगठ्याने भुगा होत असेल किंवा खिळ्याने खोल रेघ उठत असेल, तर गाडी परत. दुसरी परीक्षा वजनकाट्याची: कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. तीन किलोच्या विटेत सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी शिरलं तर ती नको.

एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन डोक्यावरून येतं. खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर का होता, हे आजोबांना विचारायची गरज नाही. एकदा मे महिन्यात रात्री दहाला उघड्या स्लॅबला खालून हात लावून बघा. विटांत वाचलेले ३५ हजार तिथे घाला: कोबा, त्यावर पांढरा थर, आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा. पांढरा थर धुळीने मळतो, दर उन्हाळ्याआधी तो पुन्हा मारावा लागेल.

पॉलिसीचे पैसे परत आले की मात्र जोत्यात घाला, छतात नको. ते तिथलेच होते.