दाराचा दिवा विझलेला दिसतो, म्हणून दार बंद आहे असे समजू नका

तुम्ही स्कूल बसवर नव्याने रुजू झाला आहात, म्हणून सकाळच्या तपासणीतील एकच गोष्ट सविस्तर सांगतो. किल्ली ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरील इशारा-दिवे क्षणभर लागतात की नाही हे आधी पाहावे, कारण जो दिवा तेव्हाही लागत नाही, तो खरा बिघाड झाल्यावरही लागणार नाही. दाराच्या दिव्याची परीक्षा मात्र दार हलवूनच घ्यावी लागते. दार पूर्ण उघडा, दिवा लागला पाहिजे. मग सावकाश बंद करत आणा आणि तो नेमका कधी विझतो याकडे लक्ष द्या. दार बोटभर उघडे असतानाच दिवा विझत असेल, तर चौकटीवरील स्विच सरकलेला असतो, आणि अशा वेळी कडी नीट बसलेली नसतानाही डॅशबोर्ड सारे ठीक असल्याचे दाखवतो. बंद दार आतून हाताने ढकलून पाहणे त्यामुळेच आवश्यक आहे. आपत्कालीन दाराला दिवा किंवा बझर असल्यास त्याचीही अशीच तपासणी करावी.

खड्ड्यातून जाताना दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा बिजागरी झिजून दार खाली आलेले असते किंवा वायरचे जोड सैल झालेले असतात. स्विचला चिकटपट्टी लावून दिवा विझवण्याचा प्रकार माझ्या मते अक्षम्य आहे. दोष आढळताच, पहिले मूल चढण्यापूर्वी, पर्यवेक्षकांना फोन करून पर्यायी बस मागवावी आणि नोंदवहीत ‘दार खराब’ एवढेच न लिहिता ‘पुढचे दार अर्धवट उघडे असताना दिवा विझतो’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे मेकॅनिक थेट स्विचपाशी पोहोचेल.