‘ॲड होमिनेम’ला मराठी शब्द

*‘ॲड होमिनेम’ला मराठीत ‘व्यक्तिगत टीका’ म्हटलं तर चालेल का? आणि बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेणं हेही त्यातच मोडतं का?*

‘व्यक्तिगत टीका’ मला अपुरा वाटतो. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘होमिनेम’ हे ‘माणूस’ या शब्दाचं द्वितीयेतलं रूप. ‘तुम्ही उद्धट आहात’ ही व्यक्तिगत टीका झाली. पण ‘तुम्ही उद्धट आहात, म्हणून तुमचा हिशेब चुकीचा’ हे ॲड होमिनेम, कारण इथे दोषावरून निष्कर्ष काढलाय. लिहिताना मी ‘व्यक्तिलक्ष्यी युक्तिवाद’ म्हणते. बोलताना मात्र ‘मुद्दा सोडून माणसावर येणं’ यासारखं दुसरं काही नाही.

आता विश्वासार्हतेचं. समजा, सोसायटीच्या बैठकीत सचिव म्हणतात, “मी गच्चीवर जाऊन पाहिलं, स्लॅब पोकळ झालाय. तीन दरपत्रकं आलीत, त्यांत हे सर्वांत कमी आहे.” कमी दराचा कंत्राटदार त्यांचा मेहुणा आहे. दर कमी आहे की नाही हे कागद समोर ठेवून कुणालाही ताडता येतं. तिथे मेहुण्याचं नाव काढलं तर ते माणसावर येणंच. स्लॅबचं तसं नाही. तो पोकळ आहे याला आधार फक्त सचिवांच्या शब्दाचा, त्यामुळे त्यांचा हितसंबंध विचारणं रास्त ठरतं. मात्र त्यातून एवढंच निघतं की दुसऱ्या कुणाकडून तरी स्लॅब ठोकून पाहावा. ‘मेहुणा आहे, म्हणजे स्लॅब धडधाकट असणार’ असं म्हटलं की आपणही त्याच चुकीत पडलो.

म्हणजे आधी पाहायचं ते हे की समोर युक्तिवाद आहे की साक्ष. युक्तिवाद कुणीही मांडला तरी तेवढाच खरा किंवा खोटा असतो. साक्षीचं वजन साक्षीदारावर अवलंबून असतं. म्हणून तर कोर्टात उलटतपासणी असते. पण तिथेही मोकळं रान नाही. 2024पर्यंत लागू असलेल्या 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 148प्रमाणे आरोप इतका जुना किंवा अशा स्वरूपाचा असेल की खरा ठरला तरी साक्षीच्या विश्वासार्हतेवर फारसा परिणाम होणार नाही, तर तो प्रश्न अनुचित ठरायचा. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवू देणारी तरतूद मात्र कलम 155मध्ये 2002च्या दुरुस्तीपर्यंत टिकली, याचा मला आजही संताप येतो. काय घडलं हे सांगण्याशी त्या चारित्र्याचा संबंध काय?

न्याय या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत विश्वासार्ह साक्षीदाराला ‘आप्त’ म्हणतात. नातेवाईक हा आपला रोजचा अर्थ तिथे नाही. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. शंका घ्यायची ती या दोहोंवर: याला ठाऊक आहे का, आणि हा खरं सांगू इच्छितो का. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो लगेच पुढे लिहितो.