फोटोतून रंग उचलताना एका पिक्सेलवर विसंबू नकोस

अरे, आयड्रॉपरने फोटोत कुठेही क्लिक केलंस तर फसशील, कारण झूम करून बघ, जे आकाश आपल्याला सरळ केशरी दिसतं त्यात शेजारशेजारचे पिक्सेल पण वेगळे असतात, त्यात जेपेगची घाण असतेच. म्हणून आधी फोटोची कॉपी घेऊन तिला मोझेक फिल्टर मार, मोठे चौकोन पडले की मग त्यातले चार-पाच रंग उचल, बास.

मी एका सूर्यास्ताच्या फोटोतून असा #E8833A केशरी आणि समुद्राच्या सावलीतला #14263D गडद निळा घेतला. केशरी बटनावर पांढरी अक्षरं झकास वाटत होती पण कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये जेमतेम 2.7 आला, साध्या मजकुराला किमान 4.5 लागतो. अक्षरं त्याच निळ्याने केली तर 5.6 च्या आसपास गेला, म्हणजे उत्तर फोटोतच होतं!

आणि दुकानाची पाटी असेल तर स्क्रीनवर विश्वास ठेवू नको, झगझगीत केशरी छापताना बऱ्याचदा मळकट होतो, आधी त्याच मटेरियलवर छोटा तुकडा छापून घे आणि उन्हात नेऊन बघ.